परिचय दीड पानाचा आणि गोषवारा दोन ओळींचा

आज सकाळी एका चर्चासत्राची छापील कार्यक्रमपत्रिका हाती आली आणि मन खट्टू झाले. प्रमुख वक्त्यांचा परिचय मी ८० शब्दांत लिहून दिला होता. संयोजन समितीने तो बाजूला ठेवून वक्त्यांनी पाठवलेली मूळ यादी जशीच्या तशी छापली आणि तिला जागा करण्यासाठी त्यांच्याच व्याख्यानाचा गोषवारा दोन ओळींवर आणला. ते काय बोलणार आहेत, हे आता श्रोत्यांना पत्रिकेवरून कळणार नाही.

अशा वेळी मला भूजलाच्या एका अभ्यासक मॅडम आठवतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या महाविद्यालयाने त्यांची दोन पानी माहिती पाठवली होती आणि तीत ३१ नोंदी होत्या. पाच संस्थांचे आजीव सदस्यत्व, सात समित्या, चार पुरस्कार, दोन ठिकाणी ‘अभ्यागत प्राध्यापक’ आणि सुरुवातीलाच ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या’. त्यांचे व्याख्यान विहिरींच्या घटत्या पातळीवर होते. विहिरींचा उल्लेख मात्र एकोणिसाव्या नोंदीत, तोही अर्ध्या ओळीत.

मी आधी आजीव सदस्यत्वे काढली, कारण वर्गणी भरली की ती बहुतेक ठिकाणी मिळतात. निवडीने मिळालेली अधिछात्रवृत्ती ही वेगळी गोष्ट आहे, ती असती तर ठेवलीच असती. मग ‘अभ्यागत प्राध्यापक’ म्हणजे नेमके काय, हे मॅडमना फोन करून विचारले. दोन्ही ठिकाणी त्यांनी एकेक व्याख्यान दिले होते, नेमणूक नव्हती. तो शब्द आपण लिहिलाच नव्हता, कार्यालयाने घातला, असे त्या संकोचून म्हणाल्या. सात समित्यांपैकी विषयाशी संबंध असलेले अभ्यासमंडळ तेवढे राहिले. पुरस्कार देणाऱ्या चारपैकी तीन संस्थांची निवड कशी होते, हे कोणालाच सांगता येईना आणि चौथा पुरस्कार विहिरींशी संबंधित नव्हता. चारही गेले.

‘ख्यातीच्या’ हे विशेषण तर एका क्षणात गेले. ख्याती असेल तर वाचकाला ती ठाऊक असते आणि नसेल तर त्या शब्दाने तो सावध होतो. एक फुगवलेली नोंद दिसली की जाणकार वाचक खऱ्या नोंदींवरही संशय घेतो. वक्त्याचा याहून मोठा अपमान कोणता?

नाव वगळून परिचय असा झाला: ‘भूजलाच्या अभ्यासक असून महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पाण्याची पातळी हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. १९९८पासून त्या आपल्या तालुक्यातील ४३ विहिरींची पातळी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजून नोंदवत आहेत. विद्यापीठाच्या भूशास्त्र अभ्यासमंडळावर त्यांनी काम केले आहे.’ चाळीसेक शब्द. सूत्रसंचालकाला वाचायला अर्धा मिनिटही लागला नाही आणि सभागृहाला कळले की समोर उभी असलेली व्यक्ती विहिरीत दोर सोडून पाणी मोजणारी आहे.

पदोन्नतीच्या अर्जात सगळ्या नोंदी लागतात, हे मान्य. पण अर्ज वेगळा आणि पत्रिका वेगळी.

सर्वांत जास्त राग येतो तो नावाला जोडलेल्या सन्मानांचा. आजच्या पत्रिकेत एका मान्यवरांच्या नावाआधी ‘पद्मश्री’ छापले आहे. हे सन्मान नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बालाजी राघवन खटल्याच्या निकालात स्पष्ट केले आहे. ‘त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला आहे’ असे वाक्य परिचयात लिहिले, तर मानही राहतो आणि नियमही पाळला जातो. तसेच मानद डॉक्टरेटचे. तिथे ‘मानद’ हा शब्द गाळणे ही वाचकाची दिशाभूल आहे, मग ती कितीही आदरापोटी केलेली असो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. संयोजकांना भीती वाटते, हे मला कळते. एखादे पद गाळले आणि पाहुणे व्यासपीठावरच नाराज झाले तर काय, ही चिंता खोटी नाही. पण त्यावर उपाय आहे आणि तो मी दर वेळी करतो: छपाईपूर्वी आठ दिवस लहान केलेला परिचय वक्त्यांनाच पाठवायचा आणि काय का गाळले, ते दोन ओळींत सांगायचे. आजच्या समितीने वक्त्यांना विचारलेच नाही, वक्ते रागावतील असे स्वतःच ठरवून टाकले.

मॅडमना पाठवला तेव्हा मीही धास्तावलो होतो. संध्याकाळी त्यांचे उत्तर आले. गाळलेल्या २९ नोंदींबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. त्यांनी एवढेच लिहिले होते की तीन विहिरी गेल्या वर्षी बुजवल्या गेल्या, तेव्हा ४३ ऐवजी ४० करावे.