ब्रेक-इव्हनच्या पुढे चल खर्च माफ होत नाही

"ब्रेक-इव्हन बिंदू ओलांडला की पुढची सगळी विक्री नफाच. पी/व्ही आलेखाची रेषा जितकी उभी, तितका धंदा सुरक्षित. पी/व्ही आलेख काढला की ब्रेक-इव्हन आलेखाची गरज नाही."

फिरत आलेला हा फॉरवर्ड मेसेज माझ्या कॉस्टिंगचा पेपर देणाऱ्या भाचीने वहीत उतरवून घेतलाय, म्हणून आकडे मांडूनच उत्तर देतो.

नगाची किंमत 50 रुपये, नगामागे चल खर्च 30, स्थिर खर्च 60,000 आणि विक्री 4,000 नग. ब्रेक-इव्हन आलेखासाठी आडव्या अक्षावर नग घ्या, उभ्यावर रुपये. स्थिर खर्चाची आडवी रेषा 60,000 वर येते. एकूण खर्चाची रेषा तिथूनच सुरू होते, शून्यातून नाही, आणि 4,000 नगांना 1,80,000 वर पोचते. विक्रीची रेषा शून्यातून निघून 2,00,000 वर जाते. दोन्ही रेषा 3,000 नगांवर, म्हणजे 1,50,000 रुपयांवर छेदतात. तोच ब्रेक-इव्हन बिंदू: तिथे ना नफा ना तोटा.

आता छेदबिंदूच्या उजवीकडे बघा. खर्चाची रेषा तिथे आडवी झालेली नाही, ती चढतेच आहे. पुढच्या 1,000 नगांची विक्री 50,000 रुपयांची, पण 4,000 नगांशी दोन रेषांमधलं उभं अंतर मोजलं तर ते 20,000 भरतं. तोच नफा. विक्रीतून चल खर्च वजा केला की अंशदान उरतं, आणि अंशदानातून स्थिर खर्च गेला की नफा. बिंदूपाशी भरून निघतो तो स्थिर खर्च. नगामागचे 30 रुपये पुढेही लागतातच. फॉरवर्डवर विसंबून कुणी पुढचे नग 28 रुपयांना विकले, तर प्रत्येक नगामागे 2 रुपये खिशातून जातील.

उभ्या रेषेचं म्हणणंही उलटं आहे. पी/व्ही म्हणजे नफा-विक्री आलेखात आडव्या अक्षावर विक्री असते, वर नफा, खाली तोटा. आपली रेषा शून्य विक्रीला 60,000 तोट्यापासून निघते, 1,50,000 वर अक्ष छेदते आणि 2,00,000 ला 20,000 नफा दाखवते. शेजारी दुसरा धंदा काढा: किंमत तीच, चल खर्च 20, स्थिर खर्च 1,00,000. त्याची रेषा जास्त उभी आणि 2,00,000 विक्रीला नफा तेवढाच, 20,000. पण विक्री 1,50,000 वर घसरली की पहिला ना नफा ना तोट्यात राहतो, दुसरा 10,000 तोट्यात जातो. उभी रेषा चढते वेगाने आणि उतरतेही तितक्याच वेगाने. सुरक्षितता वाचायची ती छेदबिंदूपासून प्रत्यक्ष विक्रीपर्यंतच्या आडव्या अंतरावर: पहिल्याचं 50,000, दुसऱ्याचं जेमतेम 33,333.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. फक्त नफा वाचायचा असेल तर पी/व्ही आलेख लवकर होतो. दोन बिंदू जोडले की झालं. पण त्यात चल खर्च आणि स्थिर खर्च वेगवेगळे दिसत नाहीत. ते बघायला ब्रेक-इव्हन आलेखच काढावा लागतो.