वाटीभर तांदूळ आणि कपाटातलं एक लिटर पाणी

"पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतोय? एका वाटीत तांदूळ, खडेमीठ आणि कोळशाचे तुकडे घ्या. कपाटात ठेवून दार घट्ट लावा. सगळी ओल शोषली जाते, सात दिवसांत बुरशी मरते, वास कायमचा जातो. कपडे धुवायची गरज नाही, दिवाळीपर्यंत परत बघायला नको. एकदम नैसर्गिक, नुकसान शून्य. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज मला जुलैत तीन ठिकाणांहून आला. मेढ्याच्या आक्कानं तर पाठवायच्या आधी करूनही बघितला होता. आठव्या दिवशी तिचा फोन आला, "आरं, वाटीत नुसतं पाणी झालंय, आन् वास हाय तसाच हाय." रविवारी साताऱ्याहून मेढ्याला गेलो. सोबत घड्याळाएवढा आर्द्रतामापक आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. आक्काच्या मते हे सगळं येडेपणाचं होतं. तरी मापं हातात असली की मेसेजला उत्तर देणं सोपं जातं.

आधी वाटीच्या आकाराबद्दल. आक्काचं कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. एवढ्या कपाटातल्या हवेत अगदी भर पावसातही वाफेच्या रूपात पंधरा-सोळा ग्रॅमच पाणी असतं, म्हणजे जेमतेम तीन चमचे. हे ऐकलं की वाटी पुरेल असं वाटतं, आणि मेसेज इथंच फसवतो. पाणी हवेत नसतं, कपड्यांत असतं. सुती कापड साठ-पासष्ट टक्के आर्द्रतेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतं, आणि तेव्हाही हाताला कोरडंच लागतं. हवा नव्वद टक्क्यांवर गेली की तेच कापड बारा टक्क्यांच्या पुढे जातं. त्या कपाटात सुती साड्या, चादरी आणि दोन वाकळा मिळून वीस किलोच्या आसपास माल होता. म्हणजे उन्हाळ्यापेक्षा पाऊण ते एक लिटर जास्तीचं पाणी घड्या घालून रचलेलं होतं.

आता तांदूळ. वाण्याकडून आलेल्या तांदळात आधीच बारा-तेरा टक्के ओलावा असतो. कपाटातल्या दमट हवेत तो सोळा-सतरापर्यंत चढतो आणि थांबतो. दोनशे ग्रॅमची वाटी म्हणजे सहा-आठ ग्रॅम पाणी. हे एका लिटरसमोर ठेवून बघा. वर दमट तांदळाला स्वतःलाच बुरशी धरते आणि सोंडे होतात ते वेगळंच.

मिठाची गोष्ट जास्त गमतीची आहे. शुद्ध मीठ साधारण पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या खाली जवळपास काहीच शोषत नाही. त्याच्यावर गेलं की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. खडेमिठात इतर क्षार असतात म्हणून ते थोडं आधीच पाझरतं. पण बुरशीला साधारण सत्तर टक्क्यांपुढची हवा मानवते. म्हणजे मीठ जिथं काम सुरू करतं तिथं बुरशी आधीच बसलेली असते. म्हणूनच हा मेसेज दहिवडी-म्हसवडकडच्या माणसाला खरा वाटू शकतो. तिकडं पर्जन्यछायेत हवा तशी कोरडीच असते, वाटीतलं मीठ कोरडं राहतं आणि वासही फारसा नसतो, मग श्रेय वाटीला मिळतं. मेढ्यात आक्काच्या खोलीत मापकावर सत्त्याऐंशी होते. तिथं मिठाचं पाणी झालं, ते पाणी कोळशाच्या छिद्रांत शिरलं आणि तिघांतला जो एकटा उपयोगाचा होता तोही बाद झाला. नुकसान शून्य म्हणाल, तर वाटी कलंडून खालच्या कप्प्यात मिठाचं पाणी सांडलं होतं आणि लोखंडी पत्र्यावर आठ दिवसांत तांबूस गंज आला होता.

कोळशावर माझा राग नाही, उलट या मेसेजमध्ये खरं एवढंच आहे. लाकडी कोळशात बारीक छिद्रांचं जाळं असतं, कुबट वासाचे वायू त्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. औषधी दुकानातला किंवा पाण्याच्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा यात कितीतरी पुढे असतो, पण साधा लोणारी कोळसाही चालतो, फक्त जास्त घ्यावा लागतो. चार-सहा तुकडे नाहीत, एवढ्या कपाटाला दीड किलो. आणि तो आधी तापवलेला हवा. पोत्यातला कोळसा पावसाळ्यात आधीच ओलावा पिऊन बसलेला असतो. आम्ही सुपारीएवढे तुकडे करून लोखंडी कढईत मंद आचेवर वीसेक मिनिटं हलवत ठेवले. वर स्टीलचं ताट धरायचं. ताटाच्या खालच्या बाजूला दव धरायचं थांबलं की झालं. तुकडा कडेनं लाल दिसायला लागला तर आच जास्त झाली, लगेच उतरवायचं. खिडकी उघडीच हवी, कारण धुमसणाऱ्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पूर्ण गार करायचं, कमीत कमी रात्रभर. आत धग राहिलेला तुकडा साड्यांत गेला तर काय होईल ते सांगायला नको. गार झाल्यावर जुन्या धोतराच्या तीन पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो भरून प्रत्येकीवर वजन लिहिलं.

वजन लिहिल्यामुळं दिवाळीपर्यंतच्या दाव्याचा निकाल आपोआप लागला. पाचशे ग्रॅमची पिशवी चौथ्या दिवशी पाचशे अडतीस भरली आणि सातव्या दिवशीही तेवढीच. म्हणजे चौथ्या दिवशीच तिचं पोट भरलं होतं. भरलेला कोळसा ओल शोषत नाही, वासही कमी धरतो. बाहेरची हवा कोरडी पडली तर शोषलेलं परतही सोडतो. आषाढ-श्रावणात आठवड्याला एकदा कढई, पुढे पंधरवड्याला. काटा नसेल तर सरळ आठवड्याचा वार ठरवून घ्या.

मात्र पिशव्या सगळ्यात शेवटी ठेवल्या. त्याच्या आधी कपाट रिकामं केलं, आणि खरं काम तेच होतं. कुबट वास म्हणजे वाढत्या बुरशीनं हवेत सोडलेले वायू. कोळसा ते वायू धरेल, पण ते तयार करणारी बुरशी कापडावरच राहील. हवा कोरडी केली तरी ती मरत नाही, निपचित पडते, बीजाणू टिकतात आणि पुढच्या दमट आठवड्यात परत सुरुवात होते. म्हणून प्रत्येक घडी उघडून नाकाला लावली. आक्काची सून म्हणाली, "मामा, सगळ्यालाच येतोय की." तसं नव्हतं. उघड्यावर तासभर ठेवल्यावर बहुतेक कपड्यांचा वास उडाला, तो शेजाराचा होता. पाच नगांचा गेला नाही: दोन वाकळा, एक घोंगडं, भाच्याचा काळा कोट आणि एक सुती साडी जिच्या घडीच्या रेघेवर करडे ठिपके होते. बुरशी होती ती या पाचांत. त्यातलं धुण्यासारखं ते गरम पाण्यात धुतलं. ठिपके कोरड्या ब्रशनं झटकायचे नाहीत, बीजाणू घरभर होतात.

धुतलेलं वाळवायचं कसं, हा पश्चिमेकडच्या घरांचा खरा प्रश्न. पंख्याखाली दोन दिवस टांगलं तरी कापड खोलीतल्या हवेच्या खाली उतरत नाही. हवा सत्त्याऐंशीवर असेल तर ते बारा टक्के पाणी धरूनच घडीत जाईल. उष्णता लागतेच. जुन्या लोकांकडं शेगडीवर पालथं डालगं आणि त्याच्यावर बाळाचे कपडे असायचे, ते याचसाठी. आता इस्त्री आहे. पंख्याखाली "वाळलेली" साडी काट्यावर पाचशे चाळीस ग्रॅम होती, नीट इस्त्री केल्यावर पाचशे पाच. पस्तीस ग्रॅम पाणी एका साडीतून निघालं. अर्धा किलोची कोळशाची पिशवी चार दिवसांत जेवढं पिते, जवळजवळ तेवढंच. इस्त्रीनंतर मात्र लगेच कपाटात ठेवायचं, फक्त हात लावून गार झालेलं बघून. कॉटवर रात्रभर पडलं की सगळं परत पिऊन घेतं. वाकळांना इस्त्री पुरत नाही, त्या लाँड्रीच्या ड्रायरमध्ये दिल्या. लोकर तर दमट हवेत वजनाच्या वीस टक्क्यांच्या पुढे पाणी धरते, म्हणून माणदेशी घोंगडं कपाटात ठेवायचंच नाही असं ठरलं. ते दांडीवर राहील, उघडीप पडली की उन्हात.

कपाट साबणाच्या पाण्यानं पुसलं, कोरड्या फडक्यानं टिपलं आणि दार उघडं टाकून चार तास पंखा लावला. गंजलेली जागा घासून त्याच्यावर रंगाचा हात मारला. मग मोकळ्या घड्या आणि तीन पिशव्या, वर, मध्ये, खाली.

दार घट्ट लावण्याचा सल्ला, नवल म्हणजे, बरोबर आहे, पण आतलं कोरडं झाल्यावरच. दमट कपडे आत कोंडून दार लावणं म्हणजे बुरशीला खोली भाड्यानं देणं. आणि उघडीप पडल्यावर सवयीनं दारं सताड उघडायची घाई नको. फक्त ऊन आलंय म्हणून बाहेरची हवा कोरडी असेलच असं नाही. मापक आधी बाहेर, मग आत ठेवून बघा. बाहेरचा आकडा चांगला खाली असेल तरच उघडा.

आक्काच्या कपाटात मापक दुसऱ्या दिवशी बासष्ट दाखवत होता, दहाव्या दिवशी अडुसष्ट. वास नव्हता. पण खालचा मागचा कोपरा सारखा पंचाहत्तरच्या वर. तिथं कोळशाचा काही उपयोग नव्हता. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं होतं. भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावला. दोन दिवसांनी भिंतीच्या बाजूनं थेंब, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. थेंब खोलीच्या बाजूनं असते तर ते हवेतलं पाणी ठरलं असतं. सध्या कपाट सहा इंच पुढे ओढलंय. गिलावा उन्हाळ्यातच होईल.

राहिलं "नैसर्गिक". चुनकळीही नैसर्गिकच आहे, आणि ओल शोषण्यात तांदूळ-कोळशाला मागे टाकते, एक किलो चुनकळी तीनशे ग्रॅम पाणी पचवते. पण पाणी लागलं की उकळ्या फुटेपर्यंत तापते आणि डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. आक्काच्या शेजारणीनं तीच ठेवायची म्हटल्यावर मी हात जोडले.

आक्कानं ग्रुपवर तो मेसेज पुसला नाही. त्याच्याखाली एवढंच लिहिलं: "मीठ टाकू नका. पत्रा गंजतो."