सकाळी डोकं दुखतं म्हणजे ब्रेन ट्यूमर? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

> "सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं हे ब्रेन ट्यूमरचं पहिलं लक्षण आहे. एकाच बाजूला दुखत असेल तर गाठ तिथेच असते. गोळी घेऊनही दुखणं परत येत असेल तर वेळ घालवू नका. एमआरआय केल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. आपल्या माणसांना पाठवा."

सकाळच्या मुद्द्यामागे खरं शरीरशास्त्र आहे, म्हणून तो लोकांना पटतो. झोपेत आपण आडवे असतो, श्वास थोडा मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो आणि त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. कवटी काही ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. आत आधीच गाठीने जागा अडवली असेल तर या वाढीव दाबाने पहाटे डोकं दुखू शकतं आणि उठून बसल्यावर तासाभरात उतरू शकतं. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं हेच चित्र शिकवलं जात होतं.

मग कुणीतरी प्रत्यक्ष रुग्णांना विचारलं. फोरसिथ आणि पोस्नर या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये मेंदूत गाठ असलेल्या १११ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ४८ टक्क्यांनाच डोकेदुखी होती. ज्यांना होती, त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांची डोकेदुखी ताणाच्या साध्या डोकेदुखीसारखी, म्हणजे बोथट आणि दाबल्यासारखी होती. पहाटेचं ते 'पुस्तकी' दुखणं फक्त १७ टक्क्यांत आढळलं. थोडक्यात, ट्यूमर असलेल्या बहुतेकांना सकाळी विशेष दुखत नाही.

याउलट सकाळी डोकं धरून उठणारी माणसं खूप असतात आणि त्यामागची कारणंही ओळखीची असतात. मायग्रेनचा झटका अनेकदा पहाटेच सुरू होतो. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल (याला स्लीप ॲप्निया म्हणतात) तर उठल्यावर डोकं जड असतं आणि दिवसभर डुलक्या येतात. झोपेत दात करकर खाणाऱ्यांची कानशिलं आणि जबडा दुखतो. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्याला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी होऊ शकते, आणि रात्रीची झोप नेमकी त्याच वेळेत येते. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यानेही सकाळी डोकं दुखतं. त्याकडे पुढे येऊच.

शक्यतेचं प्रमाणही पाहू. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की डोकेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या हजारांत साधारण एकाला मेंदूची गाठ निघते. डॉक्टरांनी तपासून मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी असं निदान केलं असेल, तर पुढच्या वर्षभरात गाठ निघण्याचं प्रमाण दोन हजारांत एकाहूनही कमी होतं.

मग गाठीची डोकेदुखी असते तरी कशी? मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते मेंदूभोवतीचं जाड आवरण आणि मोठ्या रक्तवाहिन्या ताणल्या गेल्या की. म्हणून बऱ्याच गाठी दुखण्याआधी वेगळ्या मार्गाने समोर येतात: आयुष्यात पहिल्यांदा फिट येते, एका हातातली ताकद हळूहळू कमी होते, ओळखीचे शब्द सापडेनासे होतात, चालताना तोल जातो, घरच्यांना स्वभाव बदललेला जाणवतो. डोकेदुखी असलीच तर तिची वेळ किंवा तीव्रता फारसं काही सांगत नाही. सांगते ती तिची दिशा. दहा वर्षं तशीच येणारी-जाणारी डोकेदुखी, कितीही ठणकली तरी, सहसा मायग्रेन असते. सहा आठवड्यांपूर्वी नव्याने सुरू झालेली, आठवड्यागणिक चढत जाणारी, खोकताना किंवा वाकताना वाढणारी आणि सोबत उलट्या किंवा धूसर दिसणं आणणारी डोकेदुखी वेगळी. मुळात सौम्य असली तरी ती दाखवायला हवी.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, आधी कॅन्सर होऊन गेलेल्याची किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्याची नवी डोकेदुखी, आणि जुन्या डोकेदुखीचा अचानक पालटलेला नमुना, यांसाठी काही दिवसांतच डॉक्टरांना भेटावं. मिनिटभरात कमाल तीव्रतेला पोचलेली 'वीज पडल्यासारखी' डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, फिट, अर्धांगाची कमजोरी, ग्लानी, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं असेल तर त्याच क्षणी इमर्जन्सी गाठावी. यातली बरीच कारणं ट्यूमरची नाहीतच, रक्तस्राव किंवा संसर्गाची आहेत. म्हणूनच फक्त ट्यूमरची भीती घालणारा संदेश तातडीच्या खऱ्या खुणा झाकून टाकतो, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं.

एका बाजूच्या दुखण्याबद्दल थोडक्यात. अर्धं डोकं दुखणं ही मायग्रेनची नेहमीची खूण आहे आणि ती बाजू बदलतही राहते. वरच्या पाहणीतल्या बहुतेक ट्यूमर रुग्णांना मात्र दोन्ही बाजूंना दुखत होतं. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून आतली गाठ शोधता येत नाही.

गोळीचा मुद्दा तर नेमका उलटा आहे. गोळीने तात्पुरतं थांबून परत येणं हा मायग्रेनचा आणि ताणाच्या डोकेदुखीचा स्वभावच आहे. गाठीची डोकेदुखीही सुरुवातीला गोळीने कमी होऊ शकते, त्यामुळे गोळी लागू पडली की नाही यावरून कोणताच निष्कर्ष निघत नाही. खरा धोका गोळ्यांच्या मोजणीत आहे. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान ही खास मायग्रेनची औषधं, ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामकं किंवा अनेक औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. इथे गोळ्या नाही, दिवस मोजायचे. भीतीपोटी घेतलेली गोळीही याच हिशेबात धरायची.

आता एमआरआय. तपासणीत काही खटकलं तर तो जरूर करावा. पण आधी करायची तपासणी दहा मिनिटांची असते. डॉक्टर ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याच्या आत दृष्टिपटलावरची चकती सुजली आहे का पाहतात, कारण कवटीतला वाढलेला दाब तिथे दिसू शकतो. मग बोटं हलवून नजरेच्या कडा तपासतात, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगतात आणि एखादा हात खाली घसरतो का बघतात, बोट नाकाला लावायला लावतात, एका रेषेत चालवून पाहतात, रिफ्लेक्स तपासतात. हे सगळं नीट असेल आणि डोकेदुखीचा इतिहास ओळखीचा असेल, तर स्कॅनमधून हाती लागण्यासारखं फार थोडं उरतं.

निश्चिंतीसाठी स्कॅन केला तर दोन अडचणी येतात. निरोगी माणसांचे एमआरआय केले तरी साधारण ३७ जणांत एकामध्ये अनपेक्षित काहीतरी सापडतं. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं, पण रिपोर्टमध्ये नाव घेऊन येतं. मायग्रेन असणाऱ्यांत दिसणारे बारीक पांढरे ठिपके तर याहून वेगळे आणि कितीतरी जास्त वेळा दिसतात. दुसरी अडचण अशी, की दिलासा टिकत नाही. लंडनमध्ये रोजच्या डोकेदुखीच्या १५० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कॅन मिळालेल्यांची काळजी तीन महिन्यांनी कमी दिसली. वर्षाच्या शेवटी मात्र तो फरक उरला नव्हता.

असं का होतं ते एका नमुन्यादाखल घेतलेल्या उदाहरणातून पाहू. समजा, ३२ वर्षांची एक बाई आहे. विशीपासून महिन्यातून दोनदा अर्धं डोकं दुखतं. पाच महिन्यांपूर्वी ओळखीत कुणालातरी ट्यूमर निघाला, आणि तेव्हापासून तिचं डोकं जवळजवळ रोज दुखतंय. उठल्याबरोबर ती आधी 'आज दुखतंय का' हे तपासते, कानशिलं दाबून बघते, फोनवर शोधते, आणि दुखणं वाढू नये म्हणून गोळी घेते. संध्याकाळी नवऱ्याला विचारते, "मी बोलताना अडखळतेय का?" तो "नाही गं" म्हणतो. तासभर बरं वाटतं, आणि मग तोच प्रश्न पुन्हा. तिची तपासणी पूर्ण नॉर्मल आहे.

तिने चार आठवडे डायरी ठेवली. रोज रात्री एकदाच, दोन मिनिटांत पाच नोंदी: दुखणं किती वाजता सुरू झालं आणि किती टिकलं, ० ते १० मध्ये किती, कोणती गोळी, झोप किती तास, कॉफी किती कप. दिवसा डायरी उघडायची नाही, नाहीतर तीच डोकं तपासण्याचं नवं साधन होते. महिन्याअखेरीस दिसलं की २८ पैकी २१ दिवस साधी गोळी घेतली होती. बहुतेक दिवशी दुखणं ३ ते ४, आणि ७ च्या पुढे फक्त दोनदा. तेच जुनं मायग्रेन. चौथा आठवडा पहिल्यापेक्षा वाईट नव्हता, म्हणजे चढती दिशा नव्हती. सुट्टीच्या दिवशी कॉफी उशिरा होई, आणि नेमकं तेव्हा सकाळी जास्त दुखे.

पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरलं. साधी गोळी एकदम बंद करता येते. ओपिऑइड किंवा झोपेच्या औषधांसारखं काही चालू असतं तर ते हळूहळू आणि देखरेखीखालीच कमी करावं लागलं असतं. गोळी बंद केल्यावर पहिले २ ते १० दिवस डोकं जास्त दुखतं. हे आधी सांगितलेलं नसलं तर माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो, आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. फरक दिसायला कित्येकदा दोन महिने लागतात. कॉफी तिने सुट्टीच्या दिवशीही रोजच्याच वेळेला ठेवली.

भीतीसाठी वेगळं काम करावं लागलं. तपासण्याची इच्छा झाली की ती मोडून न काढता आधी १५ मिनिटं, पुढच्या आठवड्यात ३० मिनिटं पुढे ढकलायची. इच्छा चढते आणि बहुधा त्याआधीच ओसरते, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. लक्षणं शोधणं पूर्ण बंद. काळजीसाठी संध्याकाळी ठरावीक वीस मिनिटं, आणि दिवसा विचार आला तर एका ओळीत लिहून तेव्हासाठी ठेवायचा. नवऱ्यालाही उत्तर बदलावं लागलं. "नाही गं, काही नाही" याऐवजी "हा तोच काळजीचा प्रश्न आहे, आपण ठरवलंय की मी याचं उत्तर देणार नाही, चल जरा फिरून येऊ." पहिल्या आठवड्यात हे दोघांनाही निष्ठुर वाटतं. एवढं करूनही महिना-दीड महिन्यात भीती कामात आणि झोपेत आड येतच राहिली, तर आरोग्याच्या चिंतेवर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीने काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जावं. या त्रासावर तिचा चांगला उपयोग होतो.

शोध बंद करताना एक कागद मात्र तिने फ्रिजवर लावला. त्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पाच खुणा होत्या: फिट, हातापायाची कमजोरी, बोलण्यात किंवा दिसण्यात बदल, दोन-तीन आठवडे सतत चढत जाणारं दुखणं, आणि अचानक आलेली भयंकर डोकेदुखी. यांपैकी फिट, कमजोरी किंवा अचानक भयंकर डोकेदुखी झाली तर त्याच क्षणी इमर्जन्सी, उरलेल्या दोन खुणांसाठी त्याच दिवशी फोन. बाकी सगळं सहा आठवड्यांनंतरच्या ठरलेल्या भेटीत, डायरी सोबत घेऊन.