मिनिटाला २८ शब्द वाचणारी दोन मुलं

मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षकाने शेजारी बसून शब्दाशब्दाला टीक किंवा चूक नोंदवायची, ती पद्धत म्हणजे रनिंग रेकॉर्ड. तिच्यावरच्या माझ्या लेखावर एका शिक्षिका ताईंनी लिहिलं:

"सर, रनिंग रेकॉर्ड वाचायला छान वाटतं, पण माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत. एकेकासमोर बसून टिका कधी मारायच्या? मिनिट लावून शब्द मोजले की वेग कळतो, तेवढं पुरतं. शिवाय पद्धत इंग्रजीसाठी केलेली. आमची मुलं 'होते'ला 'होतं' वाचतात, तुमच्या नियमाने ती सगळी नापासच!"

ताई, शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. त्या लेखात मी 'छापलेल्या शब्दापेक्षा वेगळं वाचलं की चूक' असं सरळ लिहून टाकलं होतं. तसं धरलं तर आमच्या शाळेतलं कुणीच वर येणार नाही. ही पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी बसवली, आणि मूल घरी ज्या उच्चारात बोलतं त्याला चूक धरायचं नाही हे तिच्यातच आहे. म्हणून 'मोठे'चं 'मोठं', 'पाणी'चं 'पानी' हे सगळं बरोबर. मुलाने शब्द ओळखला आणि आपल्या तोंडी असलेल्या रूपात म्हटला. 'दिवशी'चं 'दिवस' केलं तर मात्र चूक, कारण तिथे शब्दाचा शेवट वाचलाच नाही.

आता वेगाबद्दल. माझ्या दुसरीच्या वर्गातली दोन मुलं सांगतो. दोघांना मी स्वतः लिहिलेला हा ५० शब्दांचा उतारा दिला. आधी कुणी पाहिलेला नव्हता.

आजीच्या अंगणात आंब्याचे मोठे झाड होते. झाडावर एक खार राहत होती. खार रोज सकाळी खाली यायची. आजी तिला शेंगदाणे टाकायची. एके दिवशी जोराचा पाऊस आला. खारीचे घरटे भिजले. आजीने फडक्याची घडी करून खोक्यात ठेवली. खोके झाडाखाली ठेवले. खार त्यात जाऊन बसली. रात्रभर ती तिथेच झोपली. सकाळी आजीने खोक्यात डोकावून पाहिले.

मुलाने १०५ सेकंद घेतले आणि एकच शब्द चुकवला. मुलीने ९५ सेकंद घेतले, पाच शब्द चुकले. बरोबर शब्दांना ६० ने गुणून सेकंदांनी भागा, दोघंही मिनिटाला २८ वर येतात. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द म्हटलेत, म्हणजे दोघंही मागे. तुमच्या वहीत दोघांपुढे एकच आकडा पडेल आणि दोघांना एकच सराव मिळेल. माझ्या हातात मुलीचा कागद असा आला, त्यात ओळ म्हणजे उताऱ्यातलं वाक्य:

ओळ ४: शेंगदाणे / "शेगदाणे… शेंगदाणे" – स्व
ओळ ५: दिवशी / "दिवस" – चूक
ओळ ५: जोराचा / "जोरचा… जोराचा" – स्व
ओळ ७: फडक्याची / "फडकाची" – चूक
ओळ ७: खोक्यात / "खोकात" – चूक
ओळ १०: रात्रभर / "रा…" – सां (चूक)
ओळ ११: खोक्यात / "खोकात" – चूक

बाकीच्या शब्दांवर नुसती टीक. 'स्व' म्हणजे स्वतःहून दुरुस्त केलं, ते चुकीत धरत नाही. 'सां' म्हणजे मूल अडलं, मी पाचेक सेकंद थांबलो आणि मग शब्द सांगितला, ती चूक. तोच शब्द पुन्हा चुकला तर पुन्हा मोजायचा, म्हणून 'खोक्यात' दोनदा. गाळलेला आणि पदरचा घातलेला शब्दही चूकच. मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं तर चूक नाही.

५० मधून ५ गेले, ४५ राहिले, म्हणजे ९० टक्के. ९५ किंवा त्याच्या वर असेल तर मूल तो मजकूर एकटं वाचू शकतं, ९० ते ९४ मध्ये शिक्षकाच्या सोबतीने, ९० च्या खाली उतारा बदला आणि सोपा द्या. ही मुलगी अगदी कडेवर आहे. पण ५० शब्दांत एक चूक दोन टक्के खाते, त्यामुळे एका उताऱ्यावर शिक्का मारू नका. मी दुसऱ्या दिवशी आणखी एक उतारा घेतला, तिथेही चुका त्याच जातीच्या निघाल्या.

ती जात बघा. फडक्याची, खोक्यात. 'क्य' आला की 'य' गळतो. मग 'आजीच्या' आणि 'आंब्याचे' बरोबर कसं आलं? मला शंका आली की 'च्या' ती रोज बघते आणि झाडाच्या गोष्टीत आंबा तिला आधीच दिसला होता, म्हणजे तिथे तिने अंदाज बांधला असावा. म्हणून गोष्टीबाहेर सहा सुटे शब्द फळ्यावर लिहिले: डब्यात, फळ्यावर, गोठ्यात, ओट्यावर, डोक्यावर, मडक्यात. दोनच बरोबर आले. खात्री झाली. (क्ले यांच्या पद्धतीत मुलाने चित्रावरून, अर्थावरून शब्द ओळखला का, हेही बघतात. त्यावर बरीच टीका झाली आहे आणि ती मला पटते. मी खुणा घेतो, पण मुलाला 'अंदाज कर' असं कधी सांगत नाही.)

पुढचं काम मग आपसूक ठरलं. ती बोलताना 'खोक्यात' बरोबरच म्हणते, फक्त छापलेलं तिला दिसत नाही. रोज पाच मिनिटं जोड्या: डबा–डब्यात, गोठा–गोठ्यात, मडकं–मडक्यात. आधी तिने तोंडी म्हणायचं, मग मी लिहायचं, मग 'य' कुठे आला तिथे तिने बोट ठेवायचं. शेवटी त्यातले तीन शब्द असलेलं एक वाक्य वाचायचं.

मुलाला यातलं काहीच नको होतं. त्याला अक्षरं येतात, पण तो प्रत्येक शब्दावर बोट ठेवून थांबतो, पूर्णविराम त्याच्या लेखी नाहीच. त्याला जोडाक्षरांची घोकंपट्टी लावली असती तर तो आणखी हळू झाला असता. त्याच्याबरोबर मी एक वाक्य वाचायचो, मग तो तेच वाचायचा, आणि एकच उतारा तीन दिवस.

वेळेचं म्हणाल तर ३८ जणांचं करूच नका. गोष्ट सलग वाचणाऱ्यांना आणि अजून अक्षरात असलेल्यांना याची गरज नाही. मधले आठ-दहा उरतात. रोज परिपाठानंतर दोघं, प्रत्येकी तीन-चार मिनिटं, आठवड्यात संपतं. सुरुवातीला हात मागे पडतो आणि खुणा सुटतात, म्हणून मोबाइलवर आवाज घेऊन ठेवा आणि नंतर ऐकून कागद तपासा. मी पहिल्या महिन्यात शेजारच्या वर्गाच्या मॅडमना तीच ध्वनिफीत ऐकवून वेगळा कागद भरायला लावायचो. आमच्यात सगळ्यात जास्त फरक 'स्व'वरच पडायचा. मी मुलाची दुरुस्ती ऐकायच्या आतच चूक लिहून मोकळा झालेला असायचो.

दोन आठवड्यांनी दोघांना नवा उतारा दिला, तितकाच कठीण, ५२ शब्दांचा. मुलीच्या तीन चुका, ९४ टक्के. 'य'चे पाचपैकी चार शब्द बरोबर. वेग मात्र ३१, फारसा हललेला नाही. मुलगा ४० वर गेला. मुलीच्या तीन चुकांपैकी दोन 'त्र' आणि 'प्र'वर आहेत, म्हणजे ती 'रात्रभर'वर उगाच अडली नव्हती. सोमवारपासून तिच्या जोड्या बदलतोय.