तो अर्धा तास औषध टाकल्यानंतरचा होता

★★☆☆☆
"फोनवर 'अर्धा तास लागेल' म्हणाले. ११ ची वेळ होती, सुटलो पावणेदोनला. वडिलांना शुगर आहे, त्यांची जेवणाची वेळ टळली. कधीही विचारा, 'अजून दहा मिनिटं'. तिथून बँकेत गेलो तर त्यांना फॉर्मवरचं अक्षर दिसेना. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली ती वेगळीच."

डोळ्यांच्या दवाखान्याकडून उत्तर:

नमस्कार सर. वडिलांचं जेवण लांबलं याबद्दल मनापासून माफी मागते. शुगरचा माणूस उपाशी बसवून ठेवायला नको होता. निदान 'काही खाऊन घ्या' एवढं तरी आमच्याकडून कोणीतरी म्हणायला हवं होतं.

पण 'अर्धा तास' हा शब्द मला लागला, म्हणून लिहिते. फोन घेणाऱ्या आमच्या ताईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "औषध टाकल्यावर अर्धा तास थांबावं लागतं, असं मी सांगितलं होतं." तुम्ही तो अर्धा तास आल्यापासून सुटेपर्यंतचा धरलात. तुमचं चुकलं असं म्हणत नाही, फोनवर तसंच ऐकू येतं. पण आम्ही खोटं सांगून बोलावलं, असा जो अर्थ निघतो तो तसा नाही.

पडद्याच्या तपासणीत औषध ही पहिली पायरी नसते. आधी चष्म्याचा नंबर काढावा लागतो, कारण औषध चढलं की जवळचं धूसर होतं आणि मग वाचनाचा नंबर नीट निघत नाही. मग डोळ्याचा दाब बघायचा आणि डोळ्यातली पुढची जागा अरुंद तर नाही ना, हे पाहायचं. ती अरुंद असेल तर या औषधाने दाब अचानक वाढू शकतो. एवढं झाल्यावर बाहुली मोठी करणारे थेंब.

तुमची वेळ अकराची होती, वहीत नोंद ११.२५ ची आहे. (पार्किंग मिळत नाही, मला माहीत आहे.) पहिला थेंब ११.५५ ला टाकला, दुसरा १२.१० ला. साडेबाराला बॅटरी मारून पाहिलं तर बाहुली अर्धीच उघडलेली. मधुमेह बऱ्याच वर्षांचा असला की बाहुली हट्टी होते, पटकन मोठी होत नाही. पुन्हा थेंब टाकून वाट पाहावी लागते. तशीच तपासली असती तर तुम्ही साडेबारालाच सुटला असता, पण पडद्याचा फक्त मधला भाग दिसला असता आणि कडेचा राहिला असता. शुगरच्या पेशंटला मी तसं करत नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

'दहा मिनिटं' मात्र आमचीच चूक. बाहुली कधी उघडेल हे ताईंना सांगता येत नाही, म्हणून त्या समोरच्याचं समाधान करायला दहा मिनिटं म्हणतात. 'एक वाजेल' असं सांगितलं असतं तर तुम्ही खाली जाऊन वडिलांना पोळी-भाजी खाऊ घालून आला असता. शिवाय मध्ये वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला एक मुलगा आला, त्याला आधी घेतलं. त्यात तुमची पंधराएक मिनिटं गेली, तेही तुम्हाला कोणी सांगितलं नाही. शेवटी वडिलांना सगळं समजावून दिलं तेव्हा तुम्ही बाहेर फोनवर होतात, म्हणून तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तक्रार नाही, पण पावणेदोनमध्ये तेही आलं.

बँकेचं वाचून वाईट वाटलं. हे धूसरपण साधारण चार ते सहा तास राहतं, उन्हात डोळे दिपतात, स्वतः गाडी चालवायची नसते. सोबत कोणाला तरी आणा असं आम्ही सांगतो ते त्यासाठीच. पण 'त्या दिवशी सही-वाचनाचं काम ठेवू नका' हे आम्ही सांगत नाही. मेढ्याहून एसटीने येणाऱ्या आजी न विचारता दिवसभराच्या तयारीने येतात, त्यामुळे हे कधी डोक्यातच आलं नाही.

आता फोनवर 'औषध टाकून तपासणी असेल तर दोन ते अडीच तास धरा, संध्याकाळपर्यंत वाचता येणार नाही' असं सांगायला ताईंना बजावलं आहे. दारावर पाटीही लावायची आहे, बघू कधी होतं.

वडिलांना पुढच्या वेळी आणाल तेव्हा सकाळची पहिली वेळ मागून घ्या. नाश्ता करून, रोजच्या गोळ्या घेऊनच या, सोबत डबा असू द्या. बँकेचं काम आदल्या दिवशी उरका. आणि अकराची वेळ असेल तर कृपया अकराला या.