पाळी, औषधे आणि डॉक्टरांशी बोलणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा लेख वाचून माझ्या बहिणीने रिस्पेरिडोन बंद करण्याचा विचार सुरू केला आहे. दोन वर्षांनी ती कुठे सावरली आहे. पाळी चुकली तर चुकली, आजार परत आला तर काय? असे लेख लिहून तुम्ही लोकांना घाबरवता.»

रिस्पेरिडोनसारख्या मानसिक आजारावरील औषधांनी पाळी चुकू शकते आणि ते डॉक्टरांशी बोलावे, असा माझा लेख होता. आपली काळजी रास्त आहे आणि लेखातली एक उणीव मला मान्य आहे. औषध स्वतःहून बंद करू नये, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवे होते. ते शेवटी गेले. कृपया बहिणीला आजच सांगा की गोळी चालू ठेवावी आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांची वेळ घ्यावी. मात्र ‘चुकली तर चुकली’ हे मला पटत नाही.

मेंदूतील डोपामिन हे रसायन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाला सतत आवर घालत असते. रिस्पेरिडोन डोपामिनचे काम अडवते. त्यामुळे भास आणि संशय कमी होतात, पण पिट्युटरीवरचा तो आवरही सुटतो. वाढलेले प्रोलॅक्टिन बीजकोशांना चालना देणारे मेंदूचे संकेत दाबते, इस्ट्रोजेन घटते आणि पाळी लांबते किंवा थांबते. काहींना स्तनांतून दूधही येते, आणि हे सांगायला संकोच वाटत असल्याने ते बहुधा सांगितलेच जात नाही. इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिले तर हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून सलग तीन महिने न आलेल्या पाळीकडे दुर्लक्ष करू नये.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 27 वर्षांच्या एका मुलीची पाळी पूर्वी 28 ते 30 दिवसांनी येत असे. जानेवारीत तिचा रिस्पेरिडोनचा डोस 2 मिलिग्रॅमवरून 4 केला गेला, 6 फेब्रुवारीनंतर पाळी आली नाही आणि आता जून उजाडला आहे. ‘पाळी नियमित नाही’ एवढेच ती म्हणाली, तर गर्दीच्या वेळी ‘ताणामुळे असेल’ असे उत्तर मिळू शकते. त्याऐवजी वरच्या तारखा कागदावर लिहून तिने म्हणावे : “डोस वाढवल्यानंतर महिन्याभराने शेवटची पाळी आली, मग चार महिने नाही. मला औषध सोडायचे नाही. याचा प्रोलॅक्टिनशी संबंध आहे का, ते तपासू या का?” मधले वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण डॉक्टरांना पहिली भीती औषध सुटण्याची असते. त्याच कागदावर इतर गोळ्यांची नावेही हवीत. उलटी आणि अपचनावर दिली जाणारी डोम्पेरिडोन व लेव्होसल्पिराइड ही औषधेही प्रोलॅक्टिन वाढवतात, आणि आपण ती घेत आहोत याची मानसोपचारतज्ज्ञांना अनेकदा कल्पना नसते.

आधी गर्भधारणेची चाचणी करतात, मग प्रोलॅक्टिन आणि थायरॉईड तपासतात, कारण थायरॉईड मंदावल्यानेही प्रोलॅक्टिन वाढते. रक्त उठल्या उठल्या किंवा व्यायामानंतर लगेच देऊ नये, नाहीतर आकडा उगाच चढतो. गर्भवती नसलेल्या स्त्रीत तो साधारणपणे मिलिलिटरमागे 25 नॅनोग्रॅमच्या आत असतो. रिस्पेरिडोनवर तो शंभरापर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. डोकेदुखी असेल, कडेचे दिसणे कमी झाले असेल किंवा आकडा फारच मोठा असेल, तर पिट्युटरीत गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करावा लागतो.

कारण औषधच निघाले, तर डोस हळूहळू कमी करणे, अ‍ॅरिपिप्राझोल जोडणे किंवा हळूहळू औषध बदलणे असे मार्ग असतात. अ‍ॅरिपिप्राझोल डोपामिनचे काम पूर्णपणे अडवत नाही, म्हणून प्रोलॅक्टिन खाली येते. पण त्याने एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता येऊ शकते, आणि प्रत्येक बदलात आजार उलटण्याचा धोका काही प्रमाणात असतोच. त्यामुळे आपल्या बहिणीसारख्या नुकत्या सावरलेल्या रुग्णाबाबत डॉक्टरांनी ‘सध्या काही महिने थांबू’ असे ठरवले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो; मात्र हाडांचे काय आणि पुन्हा कधी पाहायचे, हे तेव्हाच विचारून घ्यावे. बदलानंतर पहिली पाळी दिसण्याआधीच बीज सुटू शकते, म्हणून मूल नको असल्यास गर्भनिरोधकाचाही विचार करावा लागतो.

पाळीवर परिणाम करणारी इतर औषधेही आहेत. नैराश्यावरील सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन क्वचितच इतके वाढते. त्यांच्याबाबत जास्त रक्तस्राव होतो का, तेही सांगावे. स्टेरॉइड मेंदूचे संकेत वेगळ्या वाटेने दाबते, सांध्यात घेतलेल्या इंजेक्शननंतरही पाळी विस्कटू शकते, आणि तिथे प्रोलॅक्टिनचा अहवाल बहुधा स्वच्छ येतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवणे तर जिवावर बेतू शकते, कारण तोवर शरीराने कॉर्टिसोल हे स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड बनवणे जवळजवळ थांबवलेले असते.

बहिणीची हरकत नसेल तर डॉक्टरांकडे तिच्यासोबत आपणही जा. डोस बदललेल्या तारखा तिच्यापेक्षा कदाचित आपल्याला अधिक आठवत असतील. लेखातला तो इशारा मी आजच सुरुवातीला आणला आहे.