‘ट्रंक’ कथेवरच्या आक्षेपांना उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “कथा कसली, वाण्याची यादी आहे! मुलगी पहिल्यांदा घर सोडून चालली आहे आणि आजीच्या डोळ्यांत टिपूस नाही. लोणच्याची बरणी ट्रंकेत न ठेवता हातात देणं, नेसतं लुगडं तळाशी अंथरणं ही ओढूनताणून आणलेली प्रतीकं. खरं तर दुसरी किल्ली आजीने स्वतःजवळ ठेवायला हवी होती. तेवढाच काय तो ओलावा आला असता.”

बरणीपासून सुरुवात करतो. कथा 1974 च्या जूनमधली आहे, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे पुण्याला जाणाऱ्या एस.टी.ची. त्या प्रवासात ट्रंक टपावर जायची. टपावर चढवताना हमाल ती आडवी उचलत नाही. एका बाजूची कडी धरून मागच्या शिडीवरून उभी ओढतो. म्हणजे आत सरळ ठेवलेली बरणी निदान दोनदा आडवी होणार, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. चिनी मातीच्या बरणीला फिरकीचं झाकण नसतं, वर फडक्याचा दादरा बांधलेला असतो. तेल त्या फडक्याला एकदा लागलं की वातीसारखं वर चढतं आणि मग झिरपतच राहतं. खाली शुश्रूषा शिकायला निघालेल्या मुलीच्या पांढऱ्या साड्या! बरणी मांडीवर घेऊन बसण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

तरीही आजी आणखी दोन गोष्टी करते, त्या बहुधा तुमच्या नजरेतून सुटल्या. ती यंदाचं नव्हे, गेल्या वर्षीचं लोणचं भरते. मे महिन्यात घातलेली कैरी जूनच्या मध्यापर्यंत पुरती मुरलेली नसते, मिठाने पाणी सोडत असते आणि बरणीतली पातळी वाढत जाते. जुन्या लोणच्यात ती भीती नाही. शिवाय ती फोडी निथळून, दाबून, गळ्याखाली दोन बोटं जागा सोडून भरते आणि वरचं तेल बुचाच्या बाटलीत वेगळं देते. पोचल्यावर पहिल्या दिवशीच ते फोडींवर ओतायचं, नाहीतर पावसाळी हवेत वरच्या फोडींना बुरशी येते. कथेत आजी हे तीनदा बजावते. मला तिचा जीव त्या तीनदा बजावण्यात दिसला.

आता लुगडं. पत्र्याच्या ट्रंकेला आतून रंग असला तरी कोपऱ्यात आणि रिबिटांच्या डोक्यांवर तो आधी उडतो. तिथे दमट कापड टेकलं की गंजाचा तांबूस डाग पडतो, आणि पांढऱ्या साडीवरचा तो डाग साध्या साबणाने जात नाही. लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकावं लागतं. जूनमध्ये ऊन कुठलं? वर्तमानपत्र अंथरलं तर दमटपणात शाई उठते. म्हणून खूप धुतलेलं, मऊ सुती नऊवार. ते चौपदरी घातलं की तळ झाकतं, बाजूंनी वर येतं आणि उरलेला पदर कपड्यांवरून लपेटता येतो. झाकणाची कड बाहेरून बसते, त्यामुळे सरळ पाऊस आत येत नाही, पण घाटातला तिरपा पाऊस फटीतून शिरतो. पहिलं पाणी लुगडं पितं. नवं, खळीचं कापड तेवढं पाणी शोषत नाही, म्हणून आजी ठेवणीतलं काढत नाही.

डोळ्यांत पाणी नाही, हे खरं. पण ती भरलेल्या ट्रंकेची एक कडी धरून उचलून बघते, खाली ठेवते आणि पितळी तांब्या बाहेर काढते. पुन्हा उचलते, आणि मग बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा काढून लहान ठेवते. चोवीस इंची ट्रंक रिकामीच पाचेक किलो भरते. एक बाजू आपल्याला एका हाताने उचलता आली, तर वसतिगृहाचा जिना दोन मुली मिळून चढवतील, हा तिचा हिशेब. आजीने मुलीच्या डब्यातले लाडू कमी करायचे, याहून अवघड प्रसंग मला सुचला नाही. तो तुम्हाला कोरडा वाटला असेल, तर तिथे आपली आवड वेगळी आहे, एवढंच.

उरली किल्ली. ती आजीपाशी राहिली असती, तर पहिली हरवल्यावर मुलीने पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघत अंगावरच्या साडीत दिवस काढायचे. किंवा कुलूप तोडायचं. आणि तोडायला गेलं की पितळी कुलूप शाबूत राहून कोयंड्याची रिबिटं पत्र्यासकट उपटतात, मग त्या ट्रंकेला कुलूप लागतच नाही. म्हणून एक किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात आणि दुसरी परकराच्या नेफ्यात, तीही नाडीच्या वाटेत न येईल अशी, बाजूला चार टाके घालून.